चौथीच्या मुलांना दैनंदिनीतून तीन काळ शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्याच्या पलूस-तासगाव पट्ट्यात मी चौथीचा वर्ग शिकवते. वर्तमानकाळ, भूतकाळ आणि भविष्यकाळ मी मुलांच्या रोजच्या वहीतून शिकवते. ही पद्धत पाहून शेजारच्या शाळांतले शिक्षक आणि आमचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

मुले घरी दिवसभर मराठीच बोलतात. मग काळ वेगळा शिकवायचा कशासाठी?

बोलताना आपली मुले काळ चुकवत नाहीत. "काल आमची म्हस व्याली, उद्या खरवस करणार हाय" हे वाक्य चौथीतले पोर एका दमात बोलते आणि त्यात दोन काळ बरोबर असतात. अडचण लिहिताना येते. चार-पाच वाक्ये सलग लिहायला सांगितली की सुरुवात भूतकाळात होते आणि शेवट वर्तमानकाळात. शिवाय काही रूपे आपल्या भागात बोलतात तशी प्रमाण लेखनात चालत नाहीत. म्हणजे शिकवायचे असते ते दोनच गोष्टींचे भान: आपण कोणत्या वेळेबद्दल लिहितो आहोत, आणि त्या वेळेसाठी क्रियापदाचे रूप कसे होते. "क्रिया घडून गेली असेल तर भूतकाळ" ही व्याख्या पाठ करून यांतले काहीच साधत नाही. व्याख्या घडाघडा म्हणणारे मूल त्याच तासाला "काल मी शाळेत जातो" लिहिताना मी पाहते.

रोज दिनक्रम लिहून घेतला तर काळ आपोआप येतील ना?

नाही येत, आणि या पद्धतीत सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. "काल दिवसभर काय केलेस ते लिही" असे सांगितले की मूल लिहिते: "सकाळी उठलो. दात घासले. अंघोळ केली. शाळेत गेलो. जेवलो. झोपलो." दुसऱ्या दिवशी हेच, तिसऱ्या दिवशीही हेच. आठवड्याभरात ते मागचे पान बघून उतरवायला लागते. वही भरलेली दिसते, पण काळाचा विचार कुठेच झालेला नसतो.

दुसरा प्रकार जास्त बारकाईने बघण्यासारखा आहे. "काल मी सहा वाजता उठलो. दात घासले. मग मी चहा पितो आणि दप्तर भरतो." मूल मध्येच वर्तमानकाळात का घसरले? चहा आणि दप्तर या गोष्टी ते रोज करते. त्या लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर कालचा चहा नसतो, रोजचा असतो. त्या अर्थाने "पितो" हे रूप अगदी योग्य आहे. चुकली आहे ती दोन अर्थांची सरमिसळ.

म्हणून पहिल्या दिवसापासून "रोज" आणि "काल" यांना वहीत वेगळी जागा द्यावी. रोजचे ते वर्तमानकाळात. "काल"मध्ये मात्र फक्त काल घडले, परवा नव्हते, असेच काहीतरी यायला हवे. काल पाहुणे आले, काल लाईट गेली, काल चप्पल तुटली. एवढा एक नियम पाळला की उतरवणे थांबते आणि घसरणेही निम्म्यावर येते.

पानाची रचना कशी असावी?

साधी शंभर पानी एकेरी वही पुरते. एका दिवसाला एक पान. अगदी वर तीन वाक्ये: "आज मंगळवार आहे. काल सोमवार होता. उद्या बुधवार असेल." आहे, होता, असेल ही तीन रूपे न शिकवता हाताखालून जातात, म्हणून ही ओळ वर्षभर चालू ठेवावी. त्याखाली "काल"ची दोन वाक्ये, मग "रोज"चे एक आणि शेवटी "उद्या"ची दोन.

"उद्या"च्या प्रत्येक वाक्याखाली एक ओळ कोरी सोडायची. ती त्या दिवशी भरायची नाही. तो "उद्या" संपल्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवशी, मूल ते पान उघडते आणि आपण ठरवलेले झाले की नाही, ते त्या कोऱ्या ओळीत लिहिते. या एका ओळीवर सगळी पद्धत उभी आहे. तेच काम, तोच मुलगा, पण वेळ बदलली म्हणून क्रियापद बदलले, हे त्याला एकाखाली एक दिसते.

वरची तीन सोडून एकूण पाच वाक्ये आणि कोऱ्या ओळी. यापेक्षा जास्त मागू नये.

लिहायची वेळ कोणती?

सकाळी, परिपाठ झाल्यावर लगेच. दहा-पंधरा मिनिटे. रात्री घरी लिहायला दिले तर सगळा दिवस मागे पडलेला असतो आणि मूल फक्त भूतकाळ लिहिते. सकाळी कालचा दिवस पुरता संपलेला असतो आणि उद्याचा अजून लांब असतो. शिवाय वर्गात लिहिताना शंका आली की विचारायला बाई समोर असतात. सोमवारी मात्र "काल" म्हणजे रविवार, त्या दिवशी मुलांकडे सांगायला भरपूर असते. तेव्हा दोनऐवजी चार वाक्ये लिहू द्यावीत.

एखाद्या मुलाचे पान घेऊन सविस्तर सांगाल का?

एका मुलाचे हे मंगळवारचे पान. घरची ऊसशेती, दारात एक म्हैस.

काल: काल आमच्या उसाला तोड आली. मी ट्रॅक्टरवर बसलो आणि वाडे गोळा करतो.
रोज: मी रोज म्हशीला पाणी पाजतो.
उद्या: उद्या मी आण्णांबरोबर बाजाराला जाईल. मी नवीन चप्पल घेणार.

पहिले वाक्य छान आहे. दुसऱ्यात "बसलो" बरोबर आणि "करतो" चुकीचे. मी खोडत नाही, विचारते, "हे तू रोज करतोस का?" तो म्हणतो, "नाही बाई, कालच. रोज कुठं तोड असती?" "मग कालचं सांग की." "वाडं गोळा केलं." झाले. बोलताना बरोबर रूप त्याच्याच तोंडून आले, तेच त्याने लिहायचे. इथे घसरण्याचे आणखी एक कारण आहे. "बसलो" हे रूप त्याच्या स्वतःप्रमाणे बदलते, "केले" हे वाड्याप्रमाणे. एकाच वाक्यात दोन तऱ्हेची क्रियापदे जोडताना मूल अडखळते आणि सोपे "करतो" लिहून मोकळे होते. म्हणून पहिला महिनाभर "आणि"ने जोडलेली लांब वाक्ये टाळून दोन छोटी वाक्ये लिहायला सांगावीत.

"जाईल"बद्दल पुढे वेगळे लिहिले आहे. आता गुरुवार सकाळ. तो मंगळवारचे पान उघडतो आणि कोऱ्या ओळींत लिहितो:

उद्या मी आण्णांबरोबर बाजाराला जाईन.
मी आण्णांबरोबर बाजाराला गेलो.
मी नवीन चप्पल घेणार.
मी नवीन चप्पल घेणार होतो, पण दुकान बंद होते.

"घेणार होतो" हे रूप मी शिकवले नव्हते. ठरवलेले झाले नाही, ते सांगायची गरज पडली आणि रूप आले. न झालेल्या गोष्टींच्या ओळी म्हणूनच फार कामाच्या असतात. "नाही झाले" एवढेच लिहून मुलाला सोडू नये. का नाही झाले, ते पूर्ण वाक्यात लिहू द्यावे.

त्याच दिवशीच्या "काल"मध्ये त्याने लिहिले होते: "काल मी म्हशीला पाणी पाजले नाही. ताईने पाजले." मी त्याला दोन्ही पाने शेजारी धरायला लावली. मंगळवारी लिहिले आहे "मी रोज पाजतो", आणि बुधवारी पाजलेच नाही. मग "रोज पाजतो" खोटे ठरले का? वर्गात यावर चांगलीच चर्चा झाली. एक मुलगी म्हणाली, "त्याचं काम तेच हाय बाई, एक दिवस चुकलं म्हणून काय झालं." वर्तमानकाळाचा हा अर्थ, सवय सांगणारा, याहून नेमका मला फळ्यावर मांडता आला नसता. "पाजतो" म्हणजे आत्ता या क्षणी बादली हातात आहे असे नव्हे. हे एकदा कळले की "मी रोज" असे वाक्य सुरू करून मूल भूतकाळात जात नाही.

"मी जाईल", "मी करेल" असे बरीच मुले लिहितात. ते कसे सुधारावे?

मोठी माणसेही असेच बोलतात आणि मोबाईलवर असेच लिहितात, त्यामुळे ही सवय चिवट आहे. प्रमाण मराठीत "मी"साठी शेवटी "न" येतो: मी जाईन, मी येईन, मी उठेन, मी करीन किंवा करेन. "ल" येतो तो दुसऱ्या कोणासाठी: दादा जाईल, ताई येईल. घरातल्या मोठ्यांसाठी "तील": आण्णा जातील, आजोबा येतील.

नियम सांगून उपयोग होत नाही, जोडी हवी. त्या आठवड्यात "उद्या"ची दोन वाक्ये अशी घ्यावीत: एक स्वतःचे, एक घरातल्या कोणाचे. "उद्या मी लवकर उठेन. दादा उशिरा उठेल." न आणि ल एकाखाली एक आले की फरक डोळ्यांना दिसतो. वाचून दाखवताना मुले शेवटच्या अक्षरावर जोर देऊ लागतात, तिथे समजावे की बसले.

"जाणार" हे रूप मी चूक धरत नाही. आपल्याकडे बोलताना तेच जास्त येते आणि लेखनातही ते योग्य आहे. फक्त मूल सगळीकडे "णार" लावून "जाईन"ला बगल देत नाही ना, तेवढे बघावे.

आमची मुलगी "मी शाळेत गेलो, मी जेवलो" असे लिहिते. हे चूक आहे का?

सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत मुली, आया आणि आज्या असेच बोलतात. तिची बोली तशी आहे, त्यात तिचे काही चुकलेले नाही, आणि वर्गात तिला हसू देऊ नये. प्रमाण लेखनात मुलगी "मी गेले, मी जेवले, मी उठते" असे लिहिते, एवढे शांतपणे सांगावे. मी फळ्यावर दोन ओळी करून देते, "घरी बोलतो" आणि "वहीत लिहितो". घरचे रूप पुसत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. "आम्ही गेलो, आम्ही जातो" हे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखेच असते. त्यामुळे एखादी मुलगी सतत "आम्ही" लिहीत असेल तर तिला "गेले" जमते की नाही, हे तुम्हाला कळणारच नाही. तिला मुद्दाम "मी"ची वाक्ये विचारावीत.

भूतकाळात क्रियापद कधी करणाऱ्याप्रमाणे बदलते, कधी वस्तूप्रमाणे. चौथीच्या मुलाला हे कसे समजावे?

कर्तरी आणि कर्मणी प्रयोग ही नावे चौथीत काढू नयेत. पण गोष्ट मात्र दाखवावी लागते, कारण वर्तमान आणि भविष्यात हा प्रश्नच येत नाही. "मी पेरू आणतो, मी चिंच आणतो, मी बोर आणतो", सगळीकडे "आणतो". "आणीन"चेही तेच. काल म्हटले की लगेच बदल होतो:

मी पेरू आणला. मी दोन पेरू आणले.
मी चिंच आणली. मी दोन चिंचा आणल्या.
मी बोर आणले. मी दोन बोरे आणली.

हा तास मी खरे पेरू, चिंचा आणि बोरे टेबलावर ठेवून घेते. हिवाळ्यात आपल्याकडे तिन्ही सहज मिळतात. एक मूल उठते, एक वस्तू घेऊन जागेवर जाते, आणि वर्ग वाक्य म्हणतो. मुलगा गेला काय, मुलगी गेली काय, "मी चिंच आणली" यात फरक पडत नाही. चिंचेच्या जागी पेरू आला की फरक पडतो. तो कोण ठरवतो, हे मुले स्वतःच ओरडून सांगतात: "चिंच ठरवती बाई!"

नीट बघितले तर "आणली" एका चिंचेलाही चालते आणि दोन बोरांनाही. "आणले" एका बोरालाही आणि दोन पेरूंनाही. बोलताना एक बोर "आणलं" होते आणि पेरू "आणले", म्हणून कानाला फरक कळतो. लिहिताना तो पुसला जातो आणि मुलांचा गोंधळ होतो. त्यावर उपाय कानच. "तोंडानं म्हणून बघ, मग लिही."

यानंतर वहीतली वाक्ये घ्यावीत. मी अभ्यास केला. मी अंघोळ केली. मी दप्तर भरले. "काय केला? काय केली? काय भरले?" असे विचारले की उत्तरात ठरवणारा शब्द सापडतो. "मी उठलो, मी गेलो, मी झोपले" यांत "काय?" विचारून उत्तरच मिळत नाही, म्हणून तिथे स्वतः लिहिणाराच ठरवतो.

या युक्तीला अपवाद आहेत आणि ते नेमके दिनक्रमातच येतात. "मी दूध प्यालो" यात "काय?" विचारले तर उत्तर मिळते, तरी क्रियापद पिणाऱ्याप्रमाणेच राहते. मुलगी लिहील "मी दूध प्याले". शिकलो, विसरलो, म्हणालो यांचेही तसेच: "मी कविता शिकलो", "ताई डबा विसरली". अशा शब्दांची एक छोटी पट्टी भिंतीवर लावावी आणि नवा शब्द सापडला की मुलांनीच त्यात भर घालावी.

आणखी एक जागा गुरांच्या घरची मुले हमखास विचारतात. "मी म्हैस बांधली" बरोबर की "मी म्हशीला बांधले"? दोन्ही बरोबर. म्हशीला "ला" लागला की तिचा क्रियापदावरचा ताबा सुटतो आणि ते "बांधले" असे एकाच रूपात राहते.

घरी कानडी किंवा दखनी बोलणारी मुले "आई भाकरी केली" असे लिहितात. का?

जतकडे कानडी आणि मिरजेकडे दखनी बोलणारी घरे बरीच आहेत. कानडीत भूतकाळातही क्रियापद करणाऱ्याप्रमाणेच बदलते आणि आपल्या "ने"सारखे काही लागत नाही. दखनीतही "ने" बहुधा नसतो. म्हणून त्या घरचे मूल "आई भाकरी केली" किंवा "मी भाकरी खाल्लो" लिहिते. ते आपल्या घरच्या भाषेचा नियम इमानाने पाळत असते.

अशा मुलांना "मी"ची वाक्ये मागून उपयोग नाही, कारण "मी"ला "ने" दिसतच नाही. त्यांना "काल"मध्ये घरातल्या कोणाचे तरी वाक्य द्यावे: आईने भाकरी केली, दादाने गाडी धुतली, आजीने गोष्ट सांगितली. आणि शेजारी "ने" नसलेले एक: आई बाजाराला गेली. पेरू-चिंचेचा खेळ या मुलांबरोबर एकदा घेऊन भागत नाही, वर्षभर अधूनमधून घ्यावा लागतो.

"आई, आलोच!" हा भूतकाळ आहे का? मूल तर अजून आलेलेच नसते.

मुले हा प्रश्न विचारतात आणि विचारला की मला फार बरे वाटते. रूप भूतकाळाचे, अर्थ आत्ता होणाऱ्या गोष्टीचा. "उद्या मी मामाकडे जातो" यातही रूप वर्तमानाचे आणि अर्थ उद्याचा. दैनंदिनीत असे वाक्य आले तर चूक देऊ नये. "असं आपण बोलतो, ते बरोबर आहे. आता हेच जाईन वापरून म्हण बघू" एवढे पुरे.

"केलं" लिहायचे की "केले"?

प्रमाण लेखनात "केले". कोणाचे बोलणे जसेच्या तसे लिहिताना "केलं". चौथीत मी "केलं"साठी गुण कापत नाही, फक्त एका पानावर दोन्ही मिसळू देत नाही.

साधा, अपूर्ण, पूर्ण असे उपप्रकार शिकवावेत का?

चौथीत नावे नकोत. "मी लिहीत आहे", "मी लिहिले आहे" अशी वाक्ये वहीत आली तर येऊ द्यावीत. तीन मुख्य काळ पक्के झाले नसताना उपप्रकारांचा तक्ता दिला की मुले क्रियापद सोडून तक्ता पाठ करतात.

वहीत सगळे "मी"चेच येते. बाकीची रूपे कुठून येणार?

या पद्धतीची ही खरी मर्यादा आहे. "तू"ची रूपे दैनंदिनीत जवळजवळ येतच नाहीत, ती संवादातून घ्यावी लागतात. "तो, ती, ते" आणण्यासाठी शनिवारचे पान मी आजी-आजोबांना देते. मूल विचारते, "आजी, तू माझ्याएवढी असताना रोज काय करायचीस?" आणि सोमवारी लिहून आणते: "आजी विहिरीवरून पाणी आणायची. आजी जात्यावर दळायची. आजी शाळेत जायची नाही." "रोज" आहे, पण भूतकाळातला. मुले हे रूप कधीच चुकवत नाहीत, कारण आजी तसेच बोलते आणि ती ऐकलेलेच लिहितात. तिथून "आता आजी रोज काय करते?" असे विचारले की त्याच पानावर "आणायची" शेजारी "आणते" येते.

बेंदराच्या आधीचा आठवडाही कामी येतो. "आम्ही बैलांची शिंगे रंगवू, आई पुरणपोळ्या करील." सण झाल्यावर कोऱ्या ओळीत "शिंगे रंगवली", "आईने पुरणपोळ्या केल्या". "आम्ही रंगवू"मधला "ऊ" दुसऱ्या कशातून इतक्या सहज येत नाही.

वह्या तपासायच्या कशा? रोज तीस-पस्तीस पाने तपासणे शक्य नाही.

रोज तपासूही नयेत. आठवड्याला एकच गोष्ट बघायची, आणि ती मुलांनाही आधी सांगायची. या आठवड्यात "जाईन", पुढच्या आठवड्यात "ने". बाकी चुका दिसल्या तरी हात आवरावा. पान लाल झाले की मूल दुसऱ्या दिवसापासून फक्त खात्रीची वाक्ये लिहिते, आणि आपण पुन्हा "उठलो, दात घासले"वर येतो. शेजारच्याची कोरी ओळ वाचून बघायचे काम मुले एकमेकांत आवडीने करतात.

मुले घरातली भांडणे, कर्ज, आजारपण लिहितात. काय करावे?

ते पान वर्गात वाचू नये आणि चर्चेलाही घेऊ नये. मुलाने पान दुमडून ठेवले तर ते न वाचण्याचा नियम आधीच सांगून ठेवावा. काळजी वाटावी असे काही दिसले तर मुलाशी एकट्याने बोलावे. व्याकरण त्या दिवशी बाजूला.

मुलाला काळ खरोखर कळले, हे कसे ओळखायचे?

"काल" शब्द पाहून "लो" लावणारी मुले बरीच असतात. ती रिकाम्या जागा भरतात, पण त्यांना काळ कळलेला असतोच असे नाही. म्हणून मी त्यांच्याच वहीतले एक जुने पान घेते, त्यातले काल-रोज-उद्या हे शब्द काढून टाकते आणि वाक्ये उलटसुलट क्रमाने देते. मुलाने फक्त क्रियापदाकडे बघून ती परत लावायची. दुसरी कसोटी थोडी अवघड आहे: "काल मी आजीला म्हणालो, उद्या मी तुझ्याबरोबर येईन." यात किती काळ आहेत आणि येणे झाले की नाही? "म्हणणे झालं, येणे अजून कळलं नाही" असे उत्तर देणाऱ्या मुलाला पुढे काही शिकवायची गरज नाही.

तिसरी खूण कसोटीची नाही. मूल मोठ्याने वाचताना अडखळते, मागे जाते आणि स्वतःच क्रियापद दुरुस्त करते. ते दिसले की त्या मुलाच्या वहीतली कोरी ओळ बंद करावी आणि त्याला पूर्ण पान मोकळे लिहू द्यावे.

पालकांनी घरी काय करावे?

वाक्ये सांगू नयेत. रात्री जेवताना एकदा विचारावे, "आज असं काय झालं जे काल नव्हतं?" आणि "परवा काय करायचं ठरवलंयस?" ही दोन उत्तरे मुलाच्या तोंडी असली की सकाळी वर्गात ते वही उघडून लगेच लिहायला लागते. तोड, हळदीची काढणी किंवा बेदाण्याच्या शेडवरचे काम चालू असेल आणि विचारायलाही सवड नसेल, तर मुलाला बरोबर न्यावे. ते बघेल आणि दुसऱ्या दिवशी लिहील.